सायकलच्या जाहिरातीचा फोटो एआयनं बनवताना चाकं, स्पोक अन फ्रेम बिघडू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं तालुक्याच्या गावात फ्लेक्स अन डिझाईनचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर सायकलवाले येतात, त्यांना लेडीज सायकलचं बॅनर पाहिजे असतं, अन आता सगळ्यांना ते एआयवर बनवलेलं पाहिजे. गेल्या दोन सिझनमध्ये आजूबाजूच्या गावातल्या डिझाईनवाल्या पोरांनी मला जे प्रश्न परत परत विचारले ते इथं एकत्र लिहून ठेवतो. सगळं एकाच सायकलभोवती फिरतं, २६ इंची काळी लेडीज सायकल, समोर बास्केट, पूर्ण चेन कव्हर, बाजूनं दिसणारी. ही एक नीट जमली की बाकीच्या जमतात.

प्रॉम्प्ट चांगला मोठा लिहिला, तरी स्पोक वितळल्यासारखे का येतात?

कारण तिथं प्रॉम्प्टचा दोष कमी अन जागेचा जास्त आहे. हे एकदा हिशोबानं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

आमच्या गिऱ्हाईकाच्या दुकानातली सायकल मी टेपनं मोजली. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत १०७ सेंटिमीटर भरली, चाक टायरसकट ६६, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण सायकल १७३ सेंटिमीटर. आता १०२४ पिक्सेल रुंदीच्या फोटोत ही सायकल ९०० पिक्सेलमध्ये बसवली तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास २ मिलिमीटर झाला. अन १४ गेजचा स्पोक किती जाड असतो, तर २ मिलिमीटर. म्हणजे अख्खा स्पोक एका पिक्सेलचा.

त्यात स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं सरळ पिक्सेलवर काम करत नाहीत, ती चित्र आधी दाबून लहान करतात, ८ गुणिले ८ पिक्सेलचा एक खाना असं. ३६ स्पोकच्या चाकात रिमजवळ दोन स्पोकमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे पंचवीसेक पिक्सेल, तिथं मॉडेलला श्वास घ्यायला जागा आहे. पण हबजवळ तेच स्पोक साडेतीन मिलिमीटरवर येतात, दोन पिक्सेलसुद्धा नाही, अन एका खान्यात चार-पाच स्पोक कोंबले जातात. म्हणून तुम्ही पाहिलं असेल की रिमपाशी स्पोक बरे दिसतात अन आत हबकडं जाताजाता त्याचा लगदा होतो. आता प्रॉम्प्टमध्ये कितीही वेळा "शार्प" लिहा, जिथं जागाच नाही तिथं शार्प काय येणार.

मग ३६ स्पोक पाहिजेत असं आकड्यात लिहिलं तर?

लिहून पाहा, कधी २२ येतील कधी ४७. ही मॉडेलं मोजत नाहीत, "सायकलच्या चाकात खूप बारीक रेषा असतात" एवढंच त्यांना पाहून पाहून माहीत झालेलं असतं. आकड्याऐवजी स्पोक कसे असतात ते लिहिलं तर थोडा फरक पडतो, बारीक, सरळ, स्टीलचे, हबपासून रिमपर्यंत पोचलेले.

अजून एक गोष्ट आहे जी बहुतेक डिझाईनवाले पाहत नाहीत पण सायकल मिस्त्री पहिल्यांदा तेच पाहतो. बंडीच्या चाकाचे आरे सरळ मधून बाहेर जातात, कारण लाकडी आरा वजन दाबून धरतो. सायकलचा स्पोक वजन ताणून धरतो, अन पायडलचा जोर रिमपर्यंत पोचावा म्हणून तो हबच्या मधोमधून न निघता कडेनं तिरपा निघतो, एक पुढं झुकलेला एक मागं झुकलेला, अन साध्या सायकलमध्ये एक स्पोक वाटेत दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडून रिमला जातो. एआय पुष्कळदा सायकलला बंडीचं चाक लावून देतो. लांबून कुणाला कळत नाही, पण ज्या माणसानं आयुष्यभर चाकं बांधली त्याला ते क्षणात दिसतं, अन आपलं बॅनर नेमकं त्याच्याच दुकानावर लागणार असतं.

फ्रेम बिघडली हे ओळखायचं कसं? मला तर सगळी ठीकच वाटते.

हे तुमच्या एकट्याचं नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रेबेका लॉसन यांनी २००६ साली यावर अभ्यास छापला होता, रोज सायकल पाहणाऱ्या लोकांनाही तिची फ्रेम, चेन अन पायडल कुठं असतात हे नीट दाखवता येत नव्हतं. पुष्कळांनी तर चेन दोन्ही चाकांना लावली होती.

माझं पहिलं बॅनर मी स्वतः दहादा पाहून छापायला पाठवणार होतो. त्याआधी दुकानदार भाऊंना दाखवायला गेलो तर तिथं चाक सरळ करत बसलेल्या मिस्त्रीकाकांनी मोबाईल हातात घेतला, दोन सेकंद पाहिलं अन म्हणाले, "हे पोट्टी वळवन कशी बाप्पा? पुढचं चाक तं दांड्याले जाम करून ठेवलं तुनं." खरंच होतं. फ्रेमचा खालचा पाईप सरळ पुढच्या हबपर्यंत आला होता. तशी सायकल हँडल फिरवूच शकत नाही.

तेव्हापासून मी त्यांचीच पद्धत वापरतो, सायकल मनातल्या मनात चालवायची. हँडल फिरवलं तर काय काय फिरेल? फक्त हँडल, चिमटा अन पुढचं चाक. म्हणजे पुढच्या हबला फक्त चिमटाच लागलेला पाहिजे, फ्रेमचा कुठलाही पाईप तिथं जायला नको. अन चिमट्याचं खालचं टोक थोडं पुढं वाकलेलं असतं, मागं वाकलेलं दिसलं तर फोटो फेकून द्या.

मग सीटवर बसा. सीटखालचा पाईप तिरपा खाली उतरतो तो थेट जिथं क्रँक फिरतो त्या बोळ्यापाशी. हँडलखालच्या हेडपासून निघालेला खालचा पाईपही तिथंच येतो, अन तिथूनच दोन बारीक पाईप मागच्या हबला जातात. सगळ्या फ्रेमची गाठ ही एकच जागा आहे. एआयच्या सायकलीत ही गाठ हमखास सुटते, पायडल हवेत तरंगतं नाहीतर सीटचा पाईप चेन कव्हरच्या मागं गायब होऊन परत निघतच नाही. लेडीज सायकलीत आडवा दांडा नसतो, त्याऐवजी हेडपासून दोन पाईप बरोबरीनं खाली उतरतात, खालचा क्रँकच्या गाठीला अन वरचा सीटच्या पाईपला मध्येच लागतो. एआयनं जेन्ट्स सायकली जास्त पाहिल्यात म्हणून तो मधूनमधून आडवा दांडा घुसवून देतो.

शेवटी पायडल मारा. दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत, एक पुढं तर दुसरा मागं. दोन्ही एकाच बाजूला असले तर ती सायकल चालायची नाही.

बरं, मग प्रॉम्प्ट नेमका काय लिहायचा?

मी आता हा वापरतो. इंग्रजीतच लिहा, कारण या भागांची नावं मॉडेलला इंग्रजीतच जास्त ओळखीची आहेत.

```
product photo of a black step-through ladies bicycle,
exact side view, camera at hub height, chain side facing camera, front wheel
on the right, whole bicycle in frame, two equal round
wheels on one ground line, thin straight steel spokes
from hub to rim, front fork holding front hub, two
parallel sloping tubes down from head tube, full chain
case, mudguards, front basket,
85mm lens, plain white background
```

यात शोभेचा शब्द एकही नाही, मुद्दामच. प्रत्येक शब्द काहीतरी काम करतो. चेनची बाजू कॅमेऱ्याकडं असं लिहिलं कारण सायकलची चेन उजवीकडं असते, अन उजवीकडून पाहिलं की पुढचं चाक आपल्या उजव्या हाताला येतं. एआयला हे सांगितलं नाही तर तो चेन उजवीकडची अन तोंड डावीकडं असं करून टाकतो, किंवा मग फोटो उलटा करताना आपणच ही चूक करतो. एक्झॅक्ट साईड व्ह्यू लिहिलं कारण तिरप्या कोनात चाकं लांबट गोल दिसतात अन दोन्ही चाकं सारखी लांबट ठेवणं एआयला जमत नाही, बाजूनं दोन्ही सरळ गोल, म्हणजे चूक लगेच पकडता येते. कॅमेरा हबच्या उंचीवर त्याचसाठी.

पूर्ण चेन कव्हर अन मडगार्ड हे आपलं नशीब समजा. चेन हा स्पोकनंतरचा सगळ्यात अवघड भाग, अन आपल्या लेडीज सायकलीत ती कव्हरमध्ये झाकलेलीच असते, म्हणजे काही न लपवता अर्धी अडचण गेली.

लांबी यापेक्षा वाढवू नका. जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये प्रॉम्प्ट वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, घेतो, हा प्रॉम्प्टही त्याच्या थोडा पुढं जातो, अन त्यापुढचं कापलं जातं नाहीतर वेगळ्या तुकड्यात टाकलं जातं. म्हणून अँगल अन चाकं सुरुवातीला, बास्केट अन बॅकग्राउंड शेवटी.

"स्पोक तुटलेले नको, चाक वाकडं नको" हे कुठं लिहायचं?

मेन प्रॉम्प्टमध्ये नको. तिथं "वाकडं चाक नको" लिहिलं की "वाकडं" अन "चाक" हे दोन शब्द त्याच्या डोक्यात बसतात अन "नको" निसटतो. निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा डबा असेल तर तिथं थोडक्यात टाका.

```
top tube, oval wheels, broken spokes, missing fork,
extra wheel, floating pedal, cropped wheel
```

पण यावर फार विसंबू नका. निगेटिव्हनं तिसरं चाक जातं, आडवा दांडा बऱ्याचदा जातो, पण हबजवळचा लगदा नाही जात, तो जागेचा प्रश्न आहे हे वर सांगितलंच. अन ज्या टूलमध्ये हा डबाच नाही तिथं जे पाहिजे तेच लिहा, "दांडा नको" ऐवजी "खाली उतरलेली मोकळी फ्रेम".

खऱ्या सायकलचा फोटो वापरून करता येतं का?

येतं, अन माझं स्पष्ट मत आहे की जाहिरातीसाठी हाच रस्ता धरा, नुसत्या प्रॉम्प्टवरची सायकल फक्त नमुना दाखवायला ठीक आहे.

सकाळी सावलीत, मागं पांढरी चादर बांधून सायकल उभी करा. साईड स्टँडवर लावू नका, ती एका अंगाला झुकते अन चाकं लांबट दिसतात. पलीकडच्या पायडलखाली काठी टेकवून सरळ उभी करा, काठी नंतर पुसता येते. तुम्ही चार-पाच मीटर मागं जा, मोबाईल हबच्या उंचीवर धरा, म्हणजे खाली बसावंच लागेल, अन झूम करून काढा. जवळून वाईडनं काढला की पुढचं चाक मोठं अन मागचं लहान दिसतं.

हा फोटो स्टेबल डिफ्यूजनसोबत चालणाऱ्या कंट्रोलनेटमध्ये टाकायचा, कॅनी किंवा लाईनआर्टवर. ते फोटोतल्या कडा काढून रेषांचं चित्र बनवतं अन मॉडेलला त्याच रेषांवर काम करायला लावतं, म्हणजे फ्रेमचा कोन, चाकाची गोलाई, दोन हबमधलं अंतर सगळं खऱ्या सायकलचंच राहतं. कंट्रोलनेटचं वजन, म्हणजे त्या रेषांचा जोर, ०.८ ते १ च्या मध्ये ठेवा. अन रेषांचं चित्र पुढं जायच्या आधी मोठं करून पाहा, त्यात चादरीच्या सुरकुत्या आल्या असतील तर एआय त्यांच्याही तारा करून टाकतो. त्याचं रिझोल्यूशन ५१२ वर राहून गेलं असेल तर स्पोक त्याच वेळी गळून पडलेले असतात, मग पुढं कितीही प्रयत्न करा, येत नाहीत.

सगळं छान आलं पण एकच चाक खराब आहे, पूर्ण फोटो परत बनवू का?

नका. परत बनवला की चाक सुधरेल अन बास्केट बिघडेल, असं रात्रभर चालत राहतं, मी केलंय.

चाकाभोवतीचा चौकोन कापा अन तो एकटाच १०२४ पर्यंत मोठा करून दुरुस्त करा, इनपेंटमध्ये फक्त निवडलेला भाग असा पर्याय असतो तो हेच करतो. आता हिशोब पाहा, ६६ सेंटिमीटरचं चाक साडेनऊशे पिक्सेलमध्ये आलं, एक पिक्सेल ०.७ मिलिमीटरचा, अन स्पोकला एकाऐवजी तीन पिक्सेल मिळाले. तोच प्रॉम्प्ट, तेच मॉडेल, पण स्पोक सुटे दिसायला लागतात.

तरीही हबचा भाग पूर्ण खरा होत नाही. म्हणून मी शेवटी काय करतो तर मूळ फोटोतलं खरं चाक कापून तिथं बसवतो अन मग त्यावर डिनॉईझिंग, म्हणजे एआयनं चित्र किती बदलायचं ते, फक्त ०.२ च्या आसपास ठेवून एकदा फिरवतो, म्हणजे उजेड अन रंग बाकी चित्राशी जुळतो पण स्पोक जागचे हलत नाहीत. ०.५ च्या वर नेलं की तो आपले स्पोक काढून स्वतःचे टाकतो. दोन्ही चाकं अशी बसवली की सायकल पाहून मिस्त्रीकाकाही काही बोलत नाहीत.

पुढचं चाक कापून मागं चिकटवायचा शॉर्टकट मात्र घेऊ नका, मागच्या हबवर फ्रीव्हील असतं अन ते कव्हरच्या आड गेलं तरी हबची जाडी वेगळी दिसते.

माझ्याकडं कॉम्प्युटर नाही, मोबाईलवरच करतो. मग?

मग सायकल बनवायला सांगूच नका, फक्त बॅकग्राउंड बदलायला सांगा. फोटो अपलोड करून लिहायचं की सायकल जशीच्या तशी ठेव, मागं हे पाहिजे. तरी काही टूल सायकलही गुपचूप परत काढतात, म्हणून नवा फोटो जुन्यावर ठेवून अर्धा पारदर्शक करा अन दोन्ही हब जुळतात का पाहा. हलले असतील तर जुनी सायकल कापून नव्या बॅकग्राउंडवर ठेवा.

बॅकग्राउंडमध्ये "शेत" एवढंच लिहिलं तर भलतंच हिरवंगार गवत येतं जे आपल्याकडं कुठंच नाही. काळी माती, कपाशीच्या ओळी, कच्चा रस्ता, कडेला बाभूळ असं लिहा. सावली सायकलवर ज्या बाजूची आहे त्याच बाजूची रस्त्यावर मागा. मराठी मजकूर एआयकडून लिहून घेऊ नका, जोडाक्षरं पुष्कळदा मोडतात, तो वेगळा टाका.

चालती सायकल पाहिजे, शाळेची पोरगी बसलेली, तर?

यात एक चांगली गोष्ट आहे. फिरत्या चाकाचे स्पोक खऱ्या फोटोतही पुसट दिसतात, त्यामुळं चाकात मोशन ब्लर मागितला तर स्पोकचा प्रश्नच मिटतो अन ते खोटंही नाही. पण रिम, टायर अन हब पुसट होऊ देऊ नका, ते जागेवर फिरतात, त्यांची कड स्वच्छच राहते. रस्ता अन मागची झाडं धावल्यासारखी दिसली पाहिजेत, नाहीतर उभ्या सायकलचं चाक फिरतंय असं वाटतं.

पोरगी बसली की नवीन ताप म्हणजे पाय. खालच्या पायडलवरचा पाय जवळपास सरळ, वरचा गुडघ्यात वाकलेला, अन दोन्ही चपला पायडलवर टेकलेल्या. मी पहिल्यांदा रिकामी सायकल पक्की करून घेतो अन मग माणूस टाकतो.

६ बाय ४ च्या फ्लेक्सला १०२४ चा फोटो चालेल का?

सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यावर १०२४ पिक्सेल ताणले तर इंचाला १४ पडतात. फ्लेक्सला मी इंचाला ७२ धरतो, म्हणजे पाच हजारांच्या वर पिक्सेल लागतात, अपस्केल करावंच लागतं. पण चाकं दुरुस्त झाल्यावरच करा. अपस्केलर तुटका स्पोक जोडत नाही, तो तुटका स्पोक जास्त स्वच्छ करून दाखवतो, अन बाजारात सहा फुटावर तो सगळ्यांना दिसतो. मोठं केल्यावर रिमच्या एका पाव भागातले स्पोक बोट लावून मोजा, ३६ चं चाक असेल तर ९ यायला पाहिजेत. सगळे मोजायची गरज नाही.

फोटोत सायकल जास्त भारी दिसली तर काय बिघडतं, जाहिरातच आहे ना?

बिघडतं. एआयनं एका बॅनरवर आपल्या मनानं डिस्क ब्रेक लावून दिला होता अन माझ्या लक्षात आलं नाही. एक काका पोरीला घेऊन वीसेक किलोमीटरवरून आले, बॅनरकडं बोट दाखवून म्हणाले हेच पायजे. ती सायकल दुकानात नव्हतीच, कुठंच नव्हती. पोरगी रिकाम्या हातानं परत गेली ते मला अजून आठवतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे, ते आहेच. आता छापण्याआधी मी फोटो घेऊन दुकानात जातो, खऱ्या सायकलशेजारी धरतो, अन ब्रेक, कॅरियर, स्टँड, बास्केट, घंटी एकेक बोट ठेवून जुळवतो. मिस्त्रीकाका "हाव, हे आपलीच सायकल आहे" म्हणाले की मगच फाईल मशीनला जाते.